चाक पायरी चढतं तेव्हा

सपाट टेबलावरून एक भरीव लाकडी दंडगोल लोळत येतो आहे. व्यास ८ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ४ सेंटिमीटर, आणि वजन साधारण किलोभर. त्याच्या वाटेत १ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी, पक्की बसवलेली आहे. त्याच्यासाठी ही पायरी. मागून कुणी ढकलत नाही, पुढून कुणी ओढत नाही. अंगात जेवढा वेग आहे तेवढ्यावरच त्याला फळीवर चढायचं आहे. त्यासाठी किमान किती वेग लागेल?

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात परिवलनाचा धडा सगळ्यांत पहिला येतो. तो वाचलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न घातला, तर बहुतेक जण लगेच ऊर्जा अक्षय्यतेचा नियम लावायला घेतात. लोळणाऱ्या भरीव दंडगोलाजवळ दोन प्रकारची गतिज ऊर्जा असते: पुढे सरकण्याची आणि स्वतःभोवती फिरण्याची. फिरण्याची ऊर्जा सरकण्याच्या ऊर्जेच्या बरोबर निम्मी. दंडगोलाला १ सेंटिमीटर वर चढायचं आहे, म्हणजे तेवढी उंची गाठायला लागणारी ऊर्जा या दोन्ही मिळून भरायला हवी. आकडे घातले की उत्तर येतं सेकंदाला ३६ सेंटिमीटर.

प्रत्यक्षात ३६ सेंटिमीटरच्या वेगाने आलेला हा दंडगोल पायरी चढत नाही. कडेला आपटतो, थोडा उचलला जातो आणि मागे येतो. गणितातली आकडेमोड चुकलेली नसते. चूक आहे ती आपटण्याचा आवाज हिशेबातून वगळण्यात.

हा आवाज नेमका का होतो ते जवळून पाहू. दंडगोलाचा पुढचा भाग फळीच्या वरच्या कडेला टेकतो त्या क्षणी त्याचा मध्य टेबलापासून ४ सेंटिमीटर, म्हणजे कडेपेक्षा ३ सेंटिमीटर उंचावर असतो, आणि कडेच्या सुमारे २.६ सेंटिमीटर मागे. तोवर मध्य सरळ आडवा चालला होता. कड लागल्यावर मात्र त्याला एकच वाट उरते: कडेभोवती ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीवरून वर जाण्याची. त्या कमानीची सुरुवातीची दिशा आडव्या रेषेशी सुमारे ४१ अंशांचा कोन करते. म्हणजे क्षणापूर्वी आडवा असलेला वेग क्षणानंतर ४१ अंश वर वळलेला असायला हवा. हे वळण सावकाश घ्यायला जागाच नाही. वेगाचा जो भाग थेट कडेच्या रोखाने होता तो तिथल्या तिथे मोडतो, आणि त्याच्यातली ऊर्जा फळीच्या थरथरीत, आवाजात आणि लाकूड किंचित दबून होणाऱ्या उष्णतेत जाते. लाकूड चेंडूसारखं उसळी मारणारं असतं तर दंडगोल कडेवरून मागे उडाला असता. तो कडेला धरूनच वर जातो असं गृहीत धरलं, की ही ऊर्जा परत मिळत नाही हेही त्यातच आलं.

मग धक्क्याच्या क्षणासाठी कोणता नियम वापरायचा? अडचण अशी, की त्या क्षणी कड दंडगोलावर किती जोर लावते आणि कोणत्या दिशेने, हे आपल्याला ठाऊक नाही. तो जोर सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो आणि अतिशय मोठा असतो. साधा संवेग अक्षय्य मानावा तर तोही टिकत नाही, कारण कडेचा हा अज्ञात जोर बाहेरून येतो आणि संवेग बदलून टाकतो.

इथे कोनीय संवेग कामाला येतो, तोही एका विशिष्ट बिंदूभोवती मोजलेला. दार बिजागरीजवळ कितीही जोराने ढकललं तरी ते फिरत नाही, कारण जोर लागतो आणि दार फिरतं ती जागा एकच असते. तसंच इथे. कडेचा जोर कडेवरच लागतो, म्हणून कडेभोवती फिरवण्याची त्याची ताकद शून्य. जोर कितीही मोठा असो, कोणत्याही दिशेने असो, कडेभोवतीचा कोनीय संवेग त्याच्यामुळे बदलत नाही. दंडगोलाच्या मध्याभोवती मोजला तर ही सोय मिळत नाही, कारण कडेवरचं घर्षण त्याची फिरकी बदलू शकतं. टेबलावर टेकलेल्या बिंदूभोवती मोजला तरी नाही. अज्ञात जोराला हिशेबातून पूर्ण बाहेर काढणारी जागा एकच आहे, ती म्हणजे कड.

गुरुत्वाकर्षणाचं काय? त्याला कडेभोवती फिरवण्याची ताकद आहे, पण धक्का इतका थोडा वेळ टिकतो की तेवढ्यात गुरुत्वाकर्षण काही लक्षणीय बदल करू शकत नाही. आणि खालचं टेबल? दंडगोलाचं बूड त्या क्षणी टेबलाला टेकलेलं असतं, तेव्हा तिथूनही धक्का मिळेल अशी शंका घ्यायला हरकत नाही. पण कडेभोवती फिरू लागताच बुडाचा बिंदू वरच्या दिशेने सुटतो. टेबलापासून दूर जाणाऱ्या बिंदूला टेबल धक्का देत नाही. म्हणून तेही हिशेबाबाहेर.

आता धक्क्याआधीचा कोनीय संवेग मोजू. त्याचे दोन भाग आहेत. पहिला, सबंध दंडगोल पुढे चालल्याचा: वस्तुमान गुणिले वेग गुणिले कडेपासून मध्याच्या वाटेचं लंबांतर. हे लंबांतर ४ सेंटिमीटर नाही, ३ आहे, कारण मध्याची आडवी वाट कडेच्या ३ सेंटिमीटर वरून जाते. विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक इथेच होते; सवयीने पूर्ण त्रिज्या लिहिली जाते. दुसरा भाग स्वतःभोवतीच्या फिरकीचा. वस्तुमान, वेग आणि त्रिज्या यांचा गुणाकार हे एक माप धरलं, तर पहिला भाग भरतो ०.७५, आणि भरीव दंडगोलासाठी दुसरा भरतो ०.५. एकूण १.२५.

धक्क्यानंतर दंडगोल सबंधच्या सबंध कडेभोवती फिरतो आहे. त्याच मापाने आणि मध्याच्या नव्या वेगाच्या हिशेबात त्याचा कोनीय संवेग येतो १.५. दोन्ही सारखे असायला हवेत, म्हणून नवा वेग जुन्या वेगाच्या १.२५ भागिले १.५ पट, म्हणजे पाच षष्ठांश. त्रिज्या R आणि पायरीची उंची h धरून हेच थोडक्यात असं लिहिता येतं:

v' = v (1 − 2h/3R)

धक्का संपला. इथून पुढे दंडगोल कडेवर न घसरता, न उडता फिरतो असं धरलं तर ऊर्जा कुठे हरवत नाही, आणि ऊर्जेचा नियम आता बिनदिक्कत वापरता येतो. वर जाण्यासाठी धक्क्यानंतर सेकंदाला ३६ सेंटिमीटर वेग हवा. म्हणून धक्क्याआधी हवा ३६ च्या सहा पंचमांश, म्हणजे ४३ सेंटिमीटरच्या थोडा वर. सुरुवातीच्या ऊर्जेतला सुमारे ३१ टक्के भाग त्या एका ठोक्यात गेलेला असतो.

धक्क्यापुरता कोनीय संवेग आणि धक्क्यानंतर ऊर्जा, अशी दोन टप्प्यांची रीत जुनी आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली तोफखान्याच्या विद्येवरच्या आपल्या ग्रंथात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची युक्ती दिली. टांगलेल्या जड लंबकात गोळी मारायची, ती लाकडात रुतते, आणि लंबक किती मागे जातो ते बघायचं. गोळी लाकडात शिरताना तिची बहुतेक ऊर्जा लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जाते, तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जेचा नियम लावला तर उत्तर भलतंच येईल. लंबक टांगलेला बिंदू आपल्याभोवती फिरवणारा जोर लावू शकत नाही, म्हणून त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग धक्क्यात टिकतो. लंबक झुलू लागल्यावर ऊर्जा टिकते. मोठा गणिती ऑयलर याला हे पुस्तक इतकं महत्त्वाचं वाटलं, की १७४५ मध्ये त्याने स्वतःच्या टिपांसह त्याचं जर्मन भाषांतर केलं. आपल्या दंडगोलाच्या बाबतीत लंबकाच्या टांगणीची जागा फळीच्या कडेने घेतली आहे.

हा हिशेब घरी पडताळता येतो, आणि गंमत म्हणजे वेग मोजायची गरजच पडत नाही. दंडगोल उतारावरून सोडायचा. उतारावर लोळत आल्यावर त्याला मिळणारा वेग त्याचा मध्य किती उंचीवरून खाली आला यावर ठरतो. ती उंची H धरली, आणि दोन्ही टप्प्यांचे हिशेब एकत्र केले, की गुरुत्वाकर्षणाचा आकडा आणि वजन दोन्ही निघून जातात. उरतं ते एवढंच:

H = h / (1 − 2h/3R)²

आपल्या दंडगोलासाठी H येते १.४४ सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला जवळजवळ दीड सेंटिमीटर उतरावं लागतं. ऊर्जेच्या भाबड्या हिशेबाप्रमाणे एक सेंटिमीटर उतरून एक सेंटिमीटर चढता यायला हवं होतं. हा फरक पट्टीने मोजण्याइतका ठळक आहे.

करून बघायचं असेल तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दंडगोलाच्या सपाट टोकावर मध्याची खूण करावी आणि त्या खुणेचीच उंची मोजावी: सोडताना किती, आणि टेबलावर आल्यावर किती. सोडताना हाताने ढकलू नये. समोर पट्टी उभी धरून ती झटकन वर उचलावी. दंडगोल फळीला काटकोनात यायला हवा. तिरका आला तर एक टोक आधी आपटतं, दंडगोल वळतो, आणि मग आपला हिशेब लागू पडत नाही.

सगळ्यांत फसवणारी जागा आहे उताराचं तळ. उतार संपून टेबल सुरू होतं तिथेही मध्याच्या वेगाची दिशा अचानक बदलते, म्हणजे तिथेही एक धक्का बसतो आणि ऊर्जा जाते. पायरीला लावला तोच हिशेब इथे टेबलावरच्या पहिल्या स्पर्शबिंदूभोवती लावता येतो. उतार ५ अंशांचा असेल तर अर्धा टक्काच ऊर्जा जाते, त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. उतार ३० अंशांचा केला तर १७ टक्के जाते, आणि मग १.४४ सेंटिमीटरवरून सोडलेला दंडगोल चढला नाही म्हणून आपण पायरीच्या सूत्राला दोष देत बसतो. तेव्हा उतार कमी ठेवावा. ५ अंशांच्या उतारावर १.४४ सेंटिमीटर उतरायला वीतभर लांबीही पुरते.

न चढलेला दंडगोलही बरंच सांगतो. समजा १.४ सेंटिमीटरवरून सोडला. तो कडेभोवती फिरून जवळजवळ माथ्यापर्यंत जाईल, क्षणभर रेंगाळेल आणि परत येईल. परत येताना कडेवरून टेबलावर उतरतानाही मध्याच्या वेगाला तसंच वळण बसतं, आणि तिथेही वेग पुन्हा पाच षष्ठांश होतो. म्हणजे दंडगोल परतेल तो मूळ वेगाच्या ३६ पैकी २५ भाग घेऊन, आणि निम्म्याहून कमी ऊर्जा घेऊन. त्याच उतारावर तो परत चढेल तेव्हा पाऊण सेंटिमीटरही उंची गाठणार नाही. ऊर्जा कुठे हरवली हे ज्याला पटत नसेल त्याने ही परतीची उंची मोजून बघावी.

फिरकीचा वाटा किती मोठा असतो, हे या प्रश्नातलं मला सगळ्यांत आवडणारं अंग आहे. समजा टेबल बर्फासारखं गुळगुळीत आहे आणि तोच दंडगोल न फिरता नुसता घसरत आला. मग धक्क्याआधीचा कोनीय संवेग ०.७५ एवढाच. धक्क्यानंतर मात्र कडेभोवती फिरायचं म्हणजे फिरकीही हवी, ती याच ०.७५ मधून निघायला हवी. वेग थेट निम्मा होतो. ४३ ऐवजी आता सेकंदाला ७२ सेंटिमीटर वेग लागेल. लोळत येणारा दंडगोल आपली फिरकी बरोबर घेऊनच येतो. धक्क्यात ती थोडी मंदावते, आणि तिथून कमी झालेला कोनीय संवेग मध्याला वर सरकवायला मिळतो. कडेवरचं घर्षण ही देवाणघेवाण घडवून आणतं.

यातूनच पोकळ नळीचं वागणं समजतं. त्याच मापाची, पातळ भिंतीची नळी घेतली तर तिचं सगळं वस्तुमान परिघावर असतं, आणि फिरकीचा वाटा ०.५ ऐवजी १ होतो. धक्क्याआधी १.७५, धक्क्यानंतर २. वेग सात अष्टमांश उरतो. उतारावरून सोडायची उंची १.४४ ऐवजी १.३१ सेंटिमीटर पुरते. भरीव लाकूड आणि पीव्हीसीचा पाइप, बाहेरून अगदी एकाच व्यासाचे, शेजारी शेजारी १.३७ सेंटिमीटरवरून सोडले तर पाइप चढायला हवा आणि लाकूड परत यायला हवं. वजनाचा इथे काही संबंध नाही. वस्तुमान मध्यापासून किती दूर पसरलं आहे एवढाच फरक.

आतापर्यंत आपण किमान वेग शोधत होतो. पण जास्त वेगालाही मर्यादा आहे. दंडगोल कडेला टेकून कमानीवरून फिरतो आहे. त्या वाटेवर त्याला आतल्या बाजूला, म्हणजे कडेकडे ओढून धरणारं बळ हवं. कड त्याला बाहेर ढकलू शकते, ओढून धरू शकत नाही. ओढतं ते गुरुत्वाकर्षण, आणि तेही आपल्या एका भागापुरतंच. वेग फार झाला की ही ओढ पुरत नाही आणि दंडगोल कडेवरून सुटून उडतो. धक्क्यानंतरच्या वेगाचा वर्ग g (R − h) पेक्षा जास्त झाला की हे घडतं. आपल्या आकड्यांत ही हद्द येते धक्क्यापूर्वी सेकंदाला ६५ सेंटिमीटर वेगावर, म्हणजे ३.२४ सेंटिमीटर उंचीवरून सोडल्यावर. १.४४ आणि ३.२४ यांच्या मधल्या पट्ट्यात दंडगोल कडेला धरून चढतो. त्यावर उडी मारून फळीवर पडतो, त्याखाली परततो.

पायरी उंच करत गेलो की हा पट्टा अरुंद होत जातो. दीड सेंटिमीटरच्या पायरीसाठी तो २.६७ ते ३.३३ सेंटिमीटर एवढाच उरतो. आणि पायरीची उंची त्रिज्येच्या तीन सप्तमांशाला, इथे सुमारे १.७ सेंटिमीटरला पोचली, की पट्टा मिटतो. त्याहून उंच पायरीवर चढण्यापुरता वेग दिला तर दंडगोल कडेवर टिकत नाही, आणि टिकण्याइतका कमी दिला तर चढत नाही. पोकळ नळीसाठी ही मर्यादा त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत जाते. अनेक पुस्तकी सोडवणुकींत किमान वेगाचं सूत्र देऊन थांबतात आणि ही अट लिहीत नाहीत. दोन सेंटिमीटरच्या पायरीसाठी सूत्रात आकडे घालून ४.५ सेंटिमीटर असं उत्तर काढता येतं. सूत्र हरकत घेत नाही. पण त्या उंचीवरून आलेला दंडगोल कडेभोवती फिरणारच नाही, सुटून उडेल.

व्यवहारात मात्र उडण्याच्याही आधी एक अडचण येते: कडेवर घसरण. दंडगोल वर चढू लागला की गुरुत्वाकर्षण त्याच्या मध्याला मागे ओढतं, आणि त्याबरोबर फिरकीही मंदावण्यासाठी कडेवर घर्षण लागतं. त्याच वेळी वेगामुळे कडेवरचा दाब कमी झालेला असतो. दाब कमी, म्हणजे मिळू शकणारं घर्षणही कमी. एक सेंटिमीटरच्या पायरीवर, अगदी किमान वेगाने येतानासुद्धा, धक्क्यानंतरच्या पहिल्या क्षणी घर्षण गुणांक सुमारे ०.५३ असावा लागतो. रंधा मारलेल्या लाकडावर लाकूड असेल तर एवढी पकड मिळेलच असं नाही. पायरी दीड सेंटिमीटरची केली तर हाच आकडा दोनच्या वर जातो, आणि एवढी पकड लाकडाच्या कडेला नसतेच. म्हणजे वरचा २.६७ ते ३.३३ चा पट्टा न घसरणारी कड गृहीत धरूनच खरा आहे.

घसरलं हे ओळखायचं कसं? दंडगोलाच्या टोकावर खडूने व्यासाची रेघ ओढावी आणि मोबाइलच्या स्लो मोशनवर चित्रण करावं. कडेला धरून जाताना मध्याभोवती रेघ जेवढी फिरते तेवढाच मध्यही कडेभोवती फिरायला हवा. रेघ पुढे गेली आणि मध्य मागे राहिला, तर दंडगोल कडेवर जागच्या जागी गरगरतो आहे असं समजावं. त्याची फिरकीची ऊर्जा तशीच शिल्लक राहते, उंची गाठायला वापरली जात नाही, आणि सूत्रापेक्षा जास्त वेग देऊनही तो चढत नाही. उपाय साधा आहे: फळीच्या कडेवर काचकागदाची पट्टी चिकटवावी. दंडगोलाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं तरी पकड वाढते, पण रबर उसळी मारतं, आणि मग कडेला धरून राहण्याचं आपलं गृहीतच मोडतं. काचकागद जास्त बरा.

माणसांची चाकं या दंडगोलापेक्षा वेगळी असतात. सामान वाहायच्या दोन चाकांच्या हातट्रॉलीत ओझं आसावर असतं आणि ते चाकाबरोबर फिरत नाही. चाकं हलकी, म्हणून फिरकीचा वाटा जवळजवळ शून्य. तेव्हा धक्क्यानंतर वेगाचा जो भाग उरतो तो थेट १ उणे h भागिले R एवढा. १० सेंटिमीटर त्रिज्येचं टणक चाक अडीच सेंटिमीटरच्या उंबरठ्याला लागलं, तर वेग पाऊणपट होतो आणि ४४ टक्के गतिज ऊर्जा जाते. तोच उंबरठा ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला लागला तर १६ टक्के जाते. हवेचा टायर असेल तर तो कडेवर दबून धक्का लांबवतो, वळण तेवढं अचानक राहत नाही आणि तोटा कमी होतो. हे आकडे टणक चाकांचे आहेत.

व्हीलचेअरला चार चाकं असतात आणि उंबरठ्यावर एका वेळी एकच जोडी उचलली जाते, म्हणून तिथे टक्के याहून कमी येतात. पण लहान आणि मोठ्या चाकांतला फरक तसाच राहतो. पुढची लहान चाकं उंबरठ्याला ठोकर खातात आणि बसलेल्या माणसाला झटका बसतो. म्हणूनच सराव असलेला मदतनीस उंबरठ्यापाशी खुर्ची उलटी फिरवतो आणि मागची मोठी चाकं आधी वर घेतो. अमेरिकेत अपंगांसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत सरळ उभी कड पाव इंच, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटरपर्यंतच चालते; त्यावर अर्ध्या इंचापर्यंतची कड उतरती करावी लागते आणि तिचा चढ एकास दोनपेक्षा तीव्र चालत नाही. आपल्या हातट्रॉलीच्या १० सेंटिमीटरच्या चाकाला साडेसहा मिलिमीटरची कड लागली तर १३ टक्क्यांहून कमी ऊर्जा जाते. कड उतरती केली की मध्याच्या वेगाला बसणारं वळण त्या उताराच्या कोनाहून जास्त होऊ शकत नाही, आणि एकास दोनच्या चढाला तो कोन साडेसव्वीस अंशांच्या जवळ असतो.